तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रोकरला लांबलचक मेसेज

"ब्रोकरला एवढं रामायण कशाला लिहितेस? फोन कर, फ्लॅट बघ, आवडला तर घे!"

फोनवर सगळ्यालाच "होऊन जाईल मॅडम" असतं, म्हणून. माझा मेसेज असा जातो: "कोथरूड किंवा कर्वेनगर, वन बीएचके. मेंटेनन्स धरून 22 हजारांपर्यंत. 1 जूनपासून हवा. राहणार मी आणि आई. घरी मासे-मटण शिजतं. डिपॉझिट किती? लॉक-इन किती महिने? अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होणार ना? उन्हाळ्यात टँकर लागतो का, पैसे कोण भरतं?"

बजेट मी मुद्दाम दोन हजारांनी कमी लिहिते, कारण दाखवतात ते त्याच्या वरचंच. रजिस्टरचं विचारते, कारण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. "नोटरी करू, स्वस्तात होईल" असं उत्तर आलं की मी तिथेच थांबते.

राहिला माशांचा विषय. कर्वेनगरचा एक फ्लॅट फोनवर "वीस" हजारांत ठरला होता. "दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय" म्हटल्यावर 5 हजार टोकन पाठवलं. सगळेच पाठवतात, त्यात माझा वेंधळेपणा शोधू नका. मग अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा आला: मेंटेनन्स 2,800 वेगळा, लॉक-इन पूर्ण 11 महिने, सोडताना रंगकामापोटी महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापणार. तरीही मी तयार होते. आईला किचन दाखवायला घेऊन गेले. तिथे मालकांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "तुमच्यात काय काय चालतं?" आई सरळ बोलून गेली. ब्रोकर म्हणाला, "अहो मावशी, आधी सांगायचं ना!" आई म्हणाली, "विचारलं कुणी?" कुणीच काही बोललं नाही. ती ओट्यावरचा हात काढून बाहेर जाऊन चपला घालायला लागली. टोकन ब्रोकरच्या मते मालकाकडे होतं, मालकांच्या मते ब्रोकरकडे. माझ्याकडे ते परत आलं नाही.

त्याआधीची मी म्हणायचे, भाडं वेळेवर देते, कढईत काय आहे हे परक्याला का सांगू? तिचं चुकत नव्हतं. आजही ते मासे-मटणाचं वाक्य टाइप करताना आपणच आपली चौकशी करून घेतोय असं वाटतं. आणि उपयोग? बरेच ब्रोकर तेवढ्यावर गप्प होतात, किंवा नुसतं "कॉल करा" पाठवतात. बजेट खटकलं की बांगडा, कळायला मार्ग नाही. मध्यंतरी ते वाक्य काढून पाहिलं. उत्तरं भराभर आली, फ्लॅट बघायच्या वेळाही ठरल्या. आई म्हणाली, "मी नाही येत, तूच बघून ये." मग परत घातलं.