उन्हाचा प्रवास

“मध्ये हवासुद्धा नाही, मग सूर्याची उष्णता आपल्या सोलापूरपर्यंत पोहोचते तरी कशी? आणि पोहोचते, तर मधलं अवकाश का तापत नाही?”

महाविद्यालयाच्या तांत्रिक स्पर्धेत मी या विषयावर भाषण केल्यापासून घरी आलेले पाहुणेही मला हेच विचारतात. दोष बहुधा माझाच आहे, कारण भाषणात मी बल्बचे उदाहरण दिले होते. ‘आत पोकळी असूनही काच तापते,’ असे मी ठासून सांगताच परीक्षक सरांनी विचारले, “शंभर वॅटच्या बल्बमध्ये काय भरलेले असते?” त्यात आर्गॉन आणि नायट्रोजन असतात. त्या वायूंच्या अभिसरणानेही काच तापते, म्हणजे माझा पुरावाच भेसळीचा निघाला.

चांगला पुरावा अंगणात होता. मे महिन्यात ४२ अंशांच्या हवेत उभे असताना सूर्यावर दाट ढग आला, की गालावरची धग तत्क्षणी उतरते. हवा मात्र तेवढीच गरम असते. उष्णता हवेतून झिरपत आली असती, तर ती प्रकाशाबरोबर अशी एकदम गेली नसती.

वहनात कण शेजारच्या कणाला ऊर्जा देतो आणि अभिसरणात तापलेला पदार्थच जागा बदलतो, म्हणून दोन्हींना पदार्थ लागतो. प्रारणात मात्र उष्णता उष्णतेच्या रूपात प्रवासच करत नाही. सूर्याच्या सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेल्या पृष्ठभागावरून ऊर्जा विद्युतचुंबकीय तरंग होऊन निघते. त्यात बदलत्या विद्युतक्षेत्रातून चुंबकीय क्षेत्र आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून पुन्हा विद्युतक्षेत्र निर्माण होत राहते, म्हणून त्यांना माध्यम लागत नाही. सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतर ते ८ मिनिटे २० सेकंदांत कापतात आणि आपल्या कातडीने किंवा गच्चीच्या फरशीने शोषून घेतल्यावरच त्यांची पुन्हा उष्णता होते. मधल्या पोकळीत शोषून घेणारे जवळजवळ काहीच नसल्यामुळे तिथे तापणार तरी काय?

वाटेत ऊर्जा हरवत नाही, फक्त पसरते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ६.३ कोटी वॅट बाहेर पडतात. पृथ्वी सूर्याच्या केंद्रापासून त्याच्या त्रिज्येच्या सुमारे २१५ पट दूर आहे, म्हणून तीच ऊर्जा २१५ गुणिले २१५, म्हणजे सुमारे ४६,००० पट क्षेत्रावर विखुरते. भागाकार केला की सुमारे १,३६० वॅट येतात, आणि वातावरणाबाहेरच्या मोजणीतही जवळपास तेवढेच मिळतात. स्वच्छ दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, त्यातले सुमारे १,००० वॅट गच्चीच्या एका चौरस मीटरवर उतरतात. म्हणजे एक इस्त्रीच म्हणा.

रात्री हीच गच्ची आपली ऊर्जा अवरक्त किरणांनी आकाशाकडे परत पाठवते. आकाश निरभ्र असले की पहाटे पांघरूण ओढावेसे वाटते. ढग असले की ते यातली बरीच ऊर्जा शोषून पुन्हा खाली पाठवतात आणि रात्रभर उकडते.