साठ वॅटच्या बल्बावर नापास झालेले मीटर

आमच्या तंत्रनिकेतनाच्या विद्युत प्रयोगशाळेत सिंगल फेज ऊर्जा मीटरची चाचणी अनेक वर्षे वॅटमीटर आणि स्टॉपवॉच यांच्यावरच होत असे. वॅटमीटरचे वाचन घ्यायचे, मीटरच्या दिव्याच्या लुकलुकी मोजायच्या, वेळ नोंदवायची आणि गुणाकार करून ऊर्जा काढायची, अशी ती रीत होती. या रीतीत मोजणीची काही मिनिटे शक्ती स्थिर राहिली पाहिजे, हे गृहीत धरलेले असते. शेजारच्या कार्यशाळेतील मोटर सुरू झाली की आमच्या प्रयोगशाळेतील बल्ब मंदावतात, त्यामुळे ते गृहीतक आमच्याकडे क्वचितच खरे ठरत असे आणि दोन-तीन टक्क्यांची तफावत आली तरी ती मीटरची की आमची, हे कधी सांगता येत नसे. म्हणून मागच्या वर्षी ०.१ अचूकता वर्गाचे एक सुवाह्य संदर्भ मीटर चार दिवसांसाठी उसने मिळाले, तेव्हा ही चाचणी एकदा नीट करून पाहायची, असे मी ठरवले.

संदर्भ मीटरच्या पद्धतीत मूळ कल्पनाच वेगळी आहे. दोन्ही मीटरांमधून एकाच वेळी एकच ऊर्जा जाऊ द्यायची आणि चाचणीच्या मीटरचे ठरावीक पल्स, म्हणजे त्याच्या दिव्याच्या लुकलुकी, होईपर्यंत संदर्भ मीटरने किती ऊर्जा मोजली ते पाहायचे. मध्येच विद्युतदाब कमी-जास्त झाला तरी तो दोघांनाही सारखाच जाणवतो, त्यामुळे तुलना बिघडत नाही. आमच्या मीटरवर २४० व्होल्ट, ५-३० अँपिअर, वर्ग १.० आणि ३२०० पल्स प्रति युनिट असे छापलेले होते. म्हणजे एक पल्स ०.३१२५ वॅट-तासांचा आणि दहा पल्स ३.१२५ वॅट-तासांचे. हा आकडा उणे संदर्भ मीटरची ऊर्जा, भागिले संदर्भ मीटरची ऊर्जा, गुणिले शंभर, एवढेच त्रुटीचे गणित आहे. पल्स मोजण्यासाठी मीटरच्या दिव्यासमोर प्रकाशग्राही हेड लावलेले असते आणि भागाकार यंत्रच करते. पहिल्याच फेरीत मी ३२०० ऐवजी १६०० हा स्थिरांक भरला आणि मीटर शंभर टक्के वेगाने धावत असल्याचे पडद्यावर दिसले. अशी ढोबळ चूक लगेच कळते. पुढे झालेली चूक तशी नव्हती.

औद्योगिक चाचणी बेंचवर दाब आणि प्रवाह दोन स्वतंत्र स्रोतांतून देतात, त्यामुळे प्रत्यक्षात काही किलोवॅट जाळावे लागत नाहीत. त्यासाठी मीटरमधील दाब व प्रवाह यांच्या मंडलांना जोडणारी लिंक उघडावी लागते किंवा विलगन करणारा ट्रान्सफॉर्मर वापरावा लागतो. आमच्या मीटरची लिंक आतच होती, वर सील होते आणि विलगन ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे नव्हता. तेव्हा खरा भार जोडण्यावाचून पर्याय नव्हता. विद्युतदाब कमी-जास्त करणाऱ्या डिमरस्टॅटने २४० व्होल्ट साधायचे, लहान भारासाठी बल्ब आणि मोठ्या भारासाठी पाण्याच्या पिंपात सोडलेले हीटरचे रॉड वापरायचे, असे ठरले. मीटरवर छापलेला पहिला आकडा, म्हणजे मूळ प्रवाह, पाच अँपिअर असल्याने त्याचे पाच टक्के म्हणजे पाव अँपिअर, म्हणजेच साठ वॅटचा एक बल्ब. दोन बल्ब लावले की दहा टक्के होतात. त्यापुढे ६००, १२०० आणि ३६०० वॅट असे आणखी तीन भार मी निवडले. तीस अँपिअरचा बिंदू आमच्या जोडणीला झेपणारा नव्हता, म्हणून तो सोडून दिला आणि नोंदवहीत तसे लिहिले.

जोडणी करताना मी जे सर्वांत सरळ वाटले तेच केले. डिमरस्टॅटकडून येणारा फेज आधी संदर्भ मीटरच्या प्रवाह टर्मिनलमधून, मग चाचणीच्या मीटरमधून आणि शेवटी भाराकडे नेला. भाराची न्यूट्रल परत मीटरमधूनच आणली, कारण हल्लीची मीटरे फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा प्रवाह मोजतात आणि न्यूट्रल बाहेरून नेली तर ती अर्थिंगचा दोष दाखवणारा दिवा लावतात. दोन्ही मीटरांना अर्धा तास दाबाखाली ठेवून तापू दिले आणि मग एका बल्बापासून सुरुवात केली.

साठ वॅटवर एक पल्स जवळजवळ एकोणीस सेकंदांनी येतो. दहा पल्सना तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ विद्यार्थी त्या तांबड्या दिव्याकडे टक लावून बसले होते. दहाव्या पल्सला संदर्भ मीटरने ३.१७६ वॅट-तास दाखवले, म्हणजे त्रुटी उणे १.६१ टक्के. आणखी दोनदा मोजले तरी आकडा दुसऱ्या दशांश स्थळातच हलला. भारतीय मानक आयएस १३७७९ प्रमाणे वर्ग १.० च्या मीटरला पाच टक्के प्रवाहावर, एकक शक्तिगुणकाला, म्हणजे दाब आणि प्रवाह एकाच लयीत असताना, अधिक-उणे दीड टक्क्याची मुभा आहे. मीटर नापास झाले होते. मात्र दोन बल्बांवर त्रुटी उणे ०.७१ आली, ६०० वॅटवर अधिक ०.०२, १२०० वॅटवर अधिक ०.११ आणि ३६०० वॅटवर अधिक ०.१७. या शेवटच्या भाराला दहा पल्स तीन सेकंदांतच होतात, म्हणून तिथे मी दोनशे पल्स घेतले. दहा टक्क्यांपासून पुढे मर्यादा अधिक-उणे एक टक्का असते आणि या चारही ठिकाणी मीटर तिच्या आत आरामात बसत होते.

लहान भाराला मीटर मंद चालते, असा शेरा लिहून मी मोकळी झाले असते. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत राहणाऱ्या, मीटर चाचणीत उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या काकांना मी आकडे दाखवले. त्यांनी टक्क्यांकडे फारसे पाहिलेच नाही. ते म्हणाले, "अगं, टक्के काय बघतेस, वॅट काढ." वरच्या भाराला स्थिरावलेल्या ०.१७ टक्क्यापासून प्रत्येक बिंदू किती खाली आहे, ते काढून त्याला भाराने गुणायला त्यांनी सांगितले. साठ वॅटवरचा फरक १.७८ टक्के, म्हणजे १.०७ वॅट. एकशेवीस वॅटवरचा फरक ०.८८ टक्के, म्हणजे १.०६ वॅट. ६०० वॅटवर पुन्हा ०.९ वॅटच्या आसपास. टक्केवारी भारानुसार बदलत होती, पण हरवलेली शक्ती सगळीकडे साधारण एक वॅटच होती. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "सगळे बल्ब बंद केल्यावर तुझं स्टँडर्ड काय दाखवतं?"

दुसऱ्या दिवशी भाराचा स्विच बंद करून पाहिले, तर संदर्भ मीटरवर १.१ वॅट दिसत होते. एवढ्या अल्प प्रवाहावर त्या उपकरणाच्या दशांशावर भरवसा ठेवू नये हे खरे, पण आकडा कुठून आला हे कळायला तेवढे पुरेसे होते. ऊर्जा मीटरमधील इलेक्ट्रॉनिक मंडलाला स्वतःलाही वीज लागते आणि ती ते फेजच्या येणाऱ्या टर्मिनलवरून, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या स्वतःच्या शंटच्या अलीकडून घेते. ती रचना मुद्दाम तशी असते, कारण मीटरच्या स्वतःच्या वापराचे पैसे ग्राहकाने भरायचे नसतात. महिनाभरात हा खर्च पाऊण युनिटाच्या थोडा वर जातो आणि तो ग्राहकाच्या बिलात दिसत नाही. माझ्या जोडणीत संदर्भ मीटर पुरवठ्याच्या बाजूला असल्याने ते बल्ब आणि मीटरचा स्वतःचा वापर असे दोन्ही मोजत होते, तर चाचणीचे मीटर फक्त बल्ब मोजत होते. दोघांमधून एकच ऊर्जा जाऊ द्यायची, ही पद्धतीची पहिलीच अट मी पाळली नव्हती. साठ वॅटमध्ये १.१ वॅट म्हणजे १.८ टक्के, तर ३६०० वॅटमध्ये ते शतांश टक्क्यांच्या घरात जाते आणि दिसतही नाही.

पुरवठा बंद करून जोडणी बदलली. फेज आता थेट चाचणीच्या मीटरच्या पहिल्या टर्मिनलवर आला, दुसऱ्या टर्मिनलवरून निघून संदर्भ मीटरच्या प्रवाह टर्मिनलमधून भाराकडे गेला. संदर्भ मीटरची दाबाची तार मात्र मी दुसऱ्या टर्मिनलवर न लावता पहिल्यावरच लावली. ती दुसऱ्यावर लावली असती तर संदर्भ मीटरच्या दाब मंडलाचा प्रवाह चाचणीच्या मीटरमधून गेला असता आणि तीच चूक उलट्या दिशेने झाली असती. तो प्रवाह फारच थोडा असतो, पण चूक ठाऊक असताना ती ठेवण्यात अर्थ नव्हता. संदर्भ मीटर चालवण्यासाठी लागणारी वीज वेगळ्या सॉकेटमधून घेतली.

या वेळी एका बल्बावर दहा पल्सना ३.११८ वॅट-तास लागले, म्हणजे त्रुटी अधिक ०.२२ टक्के. उरलेल्या चार भारांवर ती अधिक ०.१८ ते ०.२१ यांच्या दरम्यान राहिली. साठपासून ३६०० वॅटपर्यंत जवळजवळ सपाट रेषा. तेच मीटर होते, त्याला कोणी हातही लावलेला नव्हता.

शक्तिगुणक ०.५ लॅगचा, म्हणजे प्रवाह दाबाच्या मागे राहतो तो, बिंदू घेण्यासाठी आम्ही तांब्याच्या चोकवाल्या दहा जुन्या ट्यूबलाइट समांतर जोडल्या. कपॅसिटर नसलेल्या अशा ट्यूबचा शक्तिगुणक मुळातच ०.५ च्या आसपास असतो, त्यामुळे वेगळे इंडक्टर शोधावे लागले नाहीत. सव्वाचार अँपिअर प्रवाह मिळाला आणि पडद्यावर ०.५२ दिसले. इथे मात्र हेडने गोंधळ घातला. ट्यूबचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि तोच ते मीटरचे पल्स समजून मोजू लागले. मीटर आणि हेड यांच्यावर काळे कापड टाकल्यावर त्रुटी अधिक ०.३१ टक्के मिळाली. एकक शक्तिगुणकाच्या तुलनेत दिसणारा ०.१ टक्क्याचा हा फरक दाब व प्रवाह यांच्यातील दोनेक कला-मिनिटांच्या, म्हणजे अंशाच्या तिसाव्या भागाच्या, सरकण्याने होऊ शकतो. तरंगाकार शुद्ध नसल्याने त्यापेक्षा बारीक निष्कर्ष मी काढला नाही. या बिंदूला एक टक्क्याची मर्यादा आहे.

निकालपत्रावर आता मी आकड्यांच्या वरच जोडणीची आकृती काढते आणि संदर्भ मीटरची दाबाची तार कोणत्या टर्मिनलवर होती, ते शब्दांत लिहिते. पहिल्या दिवसाचा तक्ता फाडलेला नाही. त्यावर लाल शाईने 'संदर्भ मीटर पुरवठ्याच्या बाजूस, मीटरचा स्वतःचा वापर १.१ वॅट समाविष्ट' असे लिहून तो त्याच फाइलमध्ये लावला आहे.