दुमडलेलं व्हिजिटिंग कार्ड

ऑफिसच्या हेल्पडेस्कला पाठवलेलं माझं पहिलं तिकीट आठ शब्दांचं होतं. "लॅपटॉप सारखा बंद पडतोय. चार्जर बदलून द्या. अर्जंट." संध्याकाळपर्यंत नवा चार्जर आला आणि तिकीट बंद झालं. दुसऱ्या दिवशी मीटिंगला जाताना चार्जरची पिन काढली, तर स्क्रीन काळी. हेल्पडेस्कची चूक काढायला जागाच नव्हती. मी चार्जर मागितला, त्यांनी चार्जर दिला.

फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, काय बिघडलंय ते आम्ही बघतो. तुम्हाला काय दिसलं तेवढं लिहा."

ऐकायला सोपं आहे. लिहायला बसले तर दर वाक्यात माझा अंदाज डोकावायला लागला. 'बॅटरी टिकत नाही' हाही अंदाजच. दिसलं होतं ते एवढं: चार्जरवर दिवसभर ठीक चालतो, पिन काढली की दहा मिनिटांच्या आत बंद पडतो, तोही कसलीच सूचना न देता. काल तीनदा पडला, तेव्हा बॅटरीचे आकडे ६१, ४८ आणि ५४ टक्के होते. तिन्ही वेळा एक्सेल उघडं होतं, एकदा व्हिडिओ कॉलही. हे आकडे मी मुद्दाम पाहिले नव्हते, पण तिसऱ्या वेळी चिडून चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. चिडण्याचा असा उपयोग क्वचितच होतो.

मग 'काय काय करून पाहिलं' हा रकाना. मी ऐटीत लिहिलं, "दोनदा बंद करून चालू केला." लगेच प्रश्न आला: शट डाउन केला की रीस्टार्ट? मला दोन्ही सारखंच वाटायचं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणजे माझे दोन प्रयत्न धरायचेच नाहीत. रीस्टार्ट केला, फरक नाही. शेजारणीचा चार्जर लावला, पिन काढल्यावर तेच. तेही लिहिलं, कारण त्यामुळे तो मुलगा तेच पुन्हा करायला सांगणार नव्हता. त्याने एक कमांड पाठवली:

```
powercfg /batteryreport
```

तिने तयार केलेल्या फाइलमध्ये दोन आकडे शेजारी होते. नवी असताना बॅटरीत ४२,००० मिलीवॉट-अवर मावत होते, आता १७,६०० मावतात. वरचा टक्क्याचा आकडा हा या उरलेल्या बॅटरीचा अंदाज, आणि जुनी बॅटरी तो अंदाज सहज चुकवते.

'अर्जंट' मात्र त्याने सरळ खोडायला लावलं. "सगळेच अर्जंट लिहितात, मॅडम. किती लोकांचं काम अडलंय आणि कधीपर्यंत थांबता येईल ते सांगा." मग लिहिलं: काम माझ्या एकटीचं अडलंय, चार्जर लावून होतंय, पण २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचंय, उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. आज १८. १९ला दुपारपर्यंत दुसरा लॅपटॉप मिळाला तरी चालेल. हे लिहिल्यावर माझं मलाच कळलं की आजच्या आज माझं काही बुडत नव्हतं. जरा वाईटच वाटलं.

पाठवण्याआधी सहज शेवटी एक ओळ टाकली. तक्रार म्हणून नव्हे, लागलाच हात तर करून द्या म्हणून: "टचपॅडचं डावं बटण नीट दाबलं जात नाही. लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो, म्हणून कोपऱ्याखाली व्हिजिटिंग कार्ड दुमडून ठेवलंय."

दोन मिनिटांत फोन वाजला. मघाचा शांत आवाज आता घाईत होता.

"मॅडम, चार्जर आत्ता काढा. लॅपटॉप पूर्ण बंद करा. टचपॅड दाबू नका, झाकण जोरात लावू नका. बॅगेत नका टाकू, टेबलावरच राहू दे. मी वर येतोय."

बॅटरी फुगली होती. लिथियमच्या खराब झालेल्या बॅटरीत वायू साठतो, ती उशीसारखी फुगते, आणि या मॉडेलमध्ये ती बरोबर टचपॅडच्या खाली असते. ती दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. त्याने लॅपटॉप डोळ्यांच्या रेषेत धरून दाखवला. खालचं झाकण मधोमध पोट सुटल्यासारखं पुढे आलं होतं. गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी तोच लॅपटॉप बॅगेत डब्याशेजारी कोंबून लोकलने घरी नेत होते.

त्याने तिकिटात माझी शेवटची ओळ उचलून सगळ्यात वर नेली आणि तासाभरात दुसरा लॅपटॉप आणून दिला. माझी शीट शेअर्ड ड्राइव्हवर होती, त्यामुळे दुपारी काम पुन्हा सुरू झालं. नवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसतो. कार्ड अजून तिथेच पडलंय, चार घड्या घातलेलं.