डावीकडची शून्यं

३७ बायनरीत लिहिले की होतात १००१०१. सहा अंकांत काम भागतं. तरी प्रोग्राममध्ये बहुतेक वेळा ते ००१००१०१ असे आठ अंकी लिहिलेले दिसतात. पुढची दोन शून्यं नवख्याला नुसती भरती वाटतात, आणि किमतीपुरतं बोलायचं तर त्याचं काही चुकत नाही. पण ३७ आणि ५ शेजारी शेजारी चिकटवून पाहा: १००१०११०१. आता हे कुठे तोडायचं? १८ आणि १३ चिकटवले तरी अगदी हीच ओळ तयार होते. प्रत्येकाला आठ घरं दिली की तोडायची जागा आपोआप ठरते.

ही शून्यं मागाहून चिकटवलेली असतात असा समज असतो. मला तो पटत नाही. हातानं करून पाहिलं की दिसतं. ३७ ला २ ने भागत जायचं आणि बाकी लिहून ठेवायची. ३७ चे १८, बाकी १. १८ चे ९, बाकी ०. मग ४, २, १ आणि शेवटी ०. बाक्या १, ०, ०, १. खालून वर वाचलं की १००१०१. शाळेत इथे थांबतात. पण न थांबता शून्यालाही भागत राहिलात तर? भागाकार शून्य, बाकी शून्य, पुन्हा तेच. आठ वेळा भागलं की ००१००१०१ आपसूकच येतं. म्हणजे भरती अशी काही नाहीच, आपण भागायचं लवकर सोडलं नाही इतकंच.

परत वाचणं तर त्याहून देखणं. शून्यापासून सुरुवात करायची, डावीकडून एकेक अंक घ्यायचा. हातातली संख्या दुप्पट करून त्यात तो अंक मिळवायचा. हातात येतं: ०, ०, १, २, ४, ९, १८, ३७. भागाकाराचीच पावलं, उलट्या क्रमाने. पहिल्या दोन शून्यांनी काहीच हललं नाही, कारण शून्याची दुप्पट शून्यच.

पायथनमध्ये हे सगळं दोन ओळींत उरकतं:

```python
format(37, '08b')     # '00100101'
int('00100101', 2)    # 37
```

दुसऱ्या ओळीतला तो २ राहून गेला तर उत्तर येतं १,००,१०१. चूक दाखवली जात नाही, कारण दशमान म्हणूनही तो मजकूर चालतोच.

खरी मेख मात्र त्या `08` मध्ये आहे. आठ म्हणजे ‘किमान आठ’. ‘जास्तीत जास्त आठ’ नव्हे. ३०० दिले तर `format` निमूटपणे १००१०११०० असे नऊ अंक देतं. समजा ३७, ३०० आणि ५ एका ओळीत चिकटवले आणि वाचणारा आठ-आठचे तुकडे पाडतोय. पहिले ३७ नीट येतात. मग ३०० ऐवजी १५०, म्हणजे बरोबर निम्मे, कारण शेवटचा अंक पुढच्या घरात ढकलला गेला. त्या ढकलाढकलीत ५ चे झाले २, आणि टोकाला एकटा १ लोंबकळत राहिला. एकूण लांबी २५, तिला आठाने भाग जात नाही, हाच काय तो पुरावा. त्यावरही विसंबण्यात अर्थ नाही: असे नऊ अंकी आठ आकडे आले की जादाचे आठ अंक मिळून एक अख्खं घर होतं आणि लांबी पुन्हा सुरळीत दिसते. म्हणून संख्या ० ते २५५ मध्ये आहे का, हे लिहिण्याआधीच तपासावं.

ऋण संख्येपाशी रुंदी आणखी कामाला येते. `format(-5, '08b')` देतं `-0000101`. उणे चिन्हानेही एक घर अडवलेलं. ते बाजूला ठेवून तीच भागाकाराची रीत -५ ला लावू, फक्त भागाकार खालच्या पूर्णांकाकडे न्यायचा, म्हणजे बाकी कधी ऋण होत नाही. -५ चे -३, बाकी १. -३ चे -२, बाकी १. -२ चे -१, बाकी ०. आणि -१ चे? पुन्हा -१, बाकी १. इथून सुटका नाही. धन संख्या शून्यावर येऊन विसावते, ही -१ वर अडकून एकच ओकत राहते. आठ घरं भरली म्हणून थांबायचं, आणि हाती येतं १११११०११. डावीकडे शून्यांच्या जागी एक आले, एवढंच.

पायथनमध्ये `format(-5 & 0xFF, '08b')` ने हेच मिळतं, पण `int` ने परत वाचलं तर उत्तर २५१. पहिला अंक १ असेल तर त्यातून २५६ वजा करायचे की झाले -५. मात्र ते वजा करायचे की नाही, हे त्या आठ अंकांत कुठेच लिहिलेलं नसतं. लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने ते आधी ठरवून घ्यावं लागतं.