तुम्ही विचारलंत म्हणून: जंबूद्वीपातले दोन सूर्य

"जंबूद्वीपाच्या पटावर दोन सूर्य का काढलेत? आकाशात तर एकच दिसतो!"

जंबूद्वीप म्हणजे जैन विश्वरचनेतलं, मधोमध मेरू पर्वत असलेलं गोल बेट, आणि पट म्हणजे त्याचं चित्र. "ते प्रतीक आहे हो" असं सांगून मी बरीच वर्षं सुटका करून घेतली. एक सूर्य ज्ञानाचा, दुसरा चारित्र्याचा, असं काहीतरी सांगायचो आणि विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं. ते उत्तर आज मागे घेतो, कारण ते पटावर अन्याय करणारं होतं. प्रतीकाला व्यास लागत नाही. या सूर्याचा व्यास मात्र नेमका दिलेला आहे: एका योजनाचे 61 भाग केले तर त्यातले 48. त्याच्या फिरण्याच्या गोल वाटा 184, लागून असलेल्या दोन वाटांमध्ये 2 योजनांची मोकळी जागा. म्हणजे एका वाटेवरून पुढच्या वाटेवर जाताना सूर्य 2 योजनं आणि 48/61 इतका सरकतो, आणि 183 वेळा सरकला की बरोबर 510 योजनं होतात. इतका काटेकोर हिशेब ज्यांनी मांडला, त्यांना दिवस-रात्र कशी होते हेच सांगायचं होतं.

तर हिशेबानेच बोलू. सूर्य मेरूभोवती फिरतो आणि त्याची एक फेरी 60 मुहूर्तांत, म्हणजे दोन अहोरात्रांत पूर्ण होते. सर्वांत आतल्या वाटेवर असताना त्याचा उजेड वर्तुळाच्या दहा भागांपैकी तीन भागांवर पडतो. 60 मुहूर्तांचे तीन दशांश म्हणजे 18. तो उजेडाचा पट्टा आपल्यावरून जायला 18 मुहूर्त लागतात, आणि तोच वर्षातला सर्वांत मोठा दिवस. आता पटावरचा एक सूर्य पुसून पाहा. 18 मुहूर्तांचा दिवस आणि त्यामागे 42 मुहूर्तांची रात्र! समोरासमोर दुसरा सूर्य ठेवला की रात्र 12 मुहूर्तांवर येते आणि 30 मुहूर्तांचं अहोरात्र जुळतं. रोज सूर्य एक वाट बाहेर सरकतो तसा दिवस 2/61 मुहूर्ताने लहान होतो. 183 दिवसांत बरोबर 6 मुहूर्त कमी होतात आणि 12 मुहूर्तांचा सर्वांत लहान दिवस येतो.

यावर तुम्ही म्हणाल, एकच सूर्य 30 मुहूर्तांत का फिरवला नाही? खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर मला आकाशात सापडत नाही, पटाच्या रचनेत सापडतं. दक्षिणेच्या कडेला भरत हे आपलं क्षेत्र, उत्तरेच्या कडेला ऐरावत. दोन्ही 526 योजनं आणि 6/19 रुंद. भरताकडून मेरूकडे निघालं की पुढचा प्रत्येक पर्वत आणि प्रत्येक क्षेत्र आधीच्याच्या दुप्पट होत जातं: 1, 2, 4, 8, 16, 32, मध्ये विदेह 64, आणि मग त्याच क्रमाने उलटं ऐरावतापर्यंत. बेरीज 190. लाख योजनांना 190 ने भागलं की भरताची रुंदी मिळते. या आरशात दक्षिणेला जे घडतं ते उत्तरेलाही घडलंच पाहिजे. भरतात दिवस असेल तर ऐरावतातही दिवस, आणि त्या वेळी पूर्व-पश्चिम विदेहात रात्र. एका सूर्याने हे जमत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की दुसरा सूर्य या समतोलासाठी आहे.

पट काढणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो, कारण चूक नेहमी याच जागी होते. 95 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ घ्या, म्हणजे 190 पैकी प्रत्येक भाग अर्धा सेंटिमीटर येतो. भरत 5 मिलिमीटर, विदेह 32 सेंटिमीटर. आपण राहतो म्हणून भरत फुगवलं की पुढची सगळी दुप्पट कोलमडते. आणि सूर्य मेरूजवळ काढू नका. त्याची सर्वांत आतली वाट जंबूद्वीपाच्या कडेपासून फक्त 180 योजनं आत आहे, आणि बाहेरच्या वाटा भोवतीच्या लवणसमुद्रावर 330 योजनांपर्यंत पसरल्या आहेत. या पटावर त्याची वर्षभराची सगळी ये-जा कडेच्या जेमतेम 5 मिलिमीटरच्या पट्ट्यात होते. प्रमाणात काढायचा तर सूर्य दिसणारच नाही. 8 मिलिमीटरची टिकली काढलीत तर ती हजारपट मोठी आहे, हे पटाखाली लिहा.

आता जे टाळत आलो ते. भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात या दोन सूर्यांवर कडक शब्दांत टीका केली आणि ध्रुवमत्स्याकडे, म्हणजे ध्रुवाजवळच्या ताऱ्यांच्या समूहाकडे बोट दाखवलं: तो एका दिवसात फिरताना दिसत असताना सूर्य, चंद्र, तारे दुप्पट कशाला करता? मी याला पूर्वी उत्तर द्यायचो की आमच्याकडे नक्षत्रंही दुप्पट आहेत, 28 च्या जागी 56. आज दिसलेलं नक्षत्र आणि उद्या दिसणारं त्याचं जुळं हुबेहूब सारखं, मग फरक कळणार कसा? हे उत्तर मला फार आवडायचं. उगवून मावळणाऱ्या नक्षत्रांपुरतं ते टिकतंही. काल मावळलं तेच आज उगवलं की त्याचं जुळं, हे नुसतं पाहून सिद्ध करता येत नाही.

पण ध्रुवाजवळचा तारा मावळत नाही, आणि तिथे हा बचाव संपतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर असा एक तारा ध्रुवाच्या कोणत्या बाजूला आहे ते कागदावर टिपा, आणि सहा तासांनी पुन्हा पाहा. नजर त्याच ताऱ्यावर असल्यामुळे जुळं मध्ये येऊ शकत नाही. फेरी 60 मुहूर्तांची, म्हणजे 48 तासांची असती, तर तो फेरीचा आठवा हिस्सा सरकला असता, 45 अंश. प्रत्यक्षात तो पाव फेरी सरकलेला असतो, 90 अंश. एवढा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. थंडीतल्या 12 तासांच्या काळोखात तर अर्धी फेरी पुरी होते, आणि वर असलेला तारा खाली येतो. भास्कराचार्य बरोबर होते.

म्हणून पट खोटा म्हणायचा का? 18 आणि 12 या आकड्यांचं म्हणाल, तर तेवढा मोठा दिवस साधारण 35 उत्तर अक्षांशावरच असतो, आणि दिवस रोज सारखाच घटतो हेही खरं नाही. अयनाजवळ तो जवळपास थांबतो. पण हे दोष आकडे बदलून कमी करता येतात. दुसरा सूर्य तसा पुसता येत नाही. तो पुसला की ऐरावत अंधारात जातं, 190 चा आरसा तडकतो, आणि तो दुरुस्त करायचा तर मेरूपासून सगळं पुन्हा मांडावं लागतं. मला पट हवा आहे, आणि रात्री सहा तासांत 90 अंश सरकणारा तो ताराही मी नाकारू शकत नाही. मी अजूनही दोन सूर्य काढतो, एक भरताच्या अंगाला, एक ऐरावताच्या, आणि तुम्ही विचारलंत की "प्रतीक" हा शब्द आता वापरत नाही.