आमची वाटचाल : वेलांटीतली मिरची आणि बाहेरचे छापखाने

कळमन्याच्या बाजारातून मिरची आणायची, देठं खुडायची, कांडायची आणि किलोवर विकायची, एवढाच आमचा धंदा होता. पाकिटं आली तेव्हा बोधचिन्ह आलं. आमच्या नावात एक वेलांटी आहे आणि एक उकार. चित्रकाराने ती वेलांटीच लाल मिरचीची काढली, शिरोरेघेवर वाकलेली. अक्षरं गडद हिरवी. घरात सगळ्यांना आवडलं. पण ते कुठे, केवढं आणि कशावर छापायचं, हे लिहून ठेवायचं कोणालाच सुचलं नाही.

पुढे पाऊच एकाकडे, खोके दुसऱ्याकडे, दुकानांवरचे फ्लेक्स तिसऱ्याकडे, असं काम वाटलं गेलं. एकदा इतवारीतल्या जुन्या किराणावाल्या भाऊंनी आमची दोन पाकिटं शेजारी ठेवून मला विचारलं, "यातलं तुमचं कोणतं जी? गिऱ्हाईक म्हणते एक डुप्लिकेट हाये." दोन्ही आमचीच होती. एकावरची मिरची लालभडक, दुसऱ्यावरची वाळक्या रक्तासारखी काळपट आणि तिरपं धरलं की चमकणारी.

दोष रंगाच्या आकड्यांत नव्हता. नवं पाऊच चंदेरी फिल्मचं होतं. छपाईची शाई पातळ असते, तिच्यातून मागचं दिसतं. म्हणून अशा फिल्मवर रंगांच्या मागे पांढऱ्याचा थर द्यावा लागतो. पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळं सिलिंडर लागतं आणि खर्च वाचवायला पांढऱ्याचं सिलिंडर गाळलं होतं. मीच तसं 'चालेल' म्हटलं होतं, कारण पडद्यावर नमुना छानच दिसत होता. पडद्यावर चंदेरी दिसत नाही, राखाडी दिसते. आता आमचा पहिला नियम हाच आहे: चंदेरी किंवा पारदर्शक फिल्मवर बोधचिन्हामागे पांढरा आलाच पाहिजे, आणि बाकीचं डिझाइन चमकलं तरी मिरची चमकता कामा नये.

त्यानंतर नियमांची पुस्तिका करायला घेतली. पहिली १४ पानांची झाली, गुळगुळीत कागदावर. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराने ती माउसखाली ठेवली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग सगळं एका ए-४ कागदावर आणलं, मराठीत, दोन्ही बाजूंनी, लॅमिनेट करून. त्याला वरून भोक पाडलं आहे, खिळ्याला टांगता यावं म्हणून.

त्यात सर्वात जास्त चुकलो ते मोकळ्या जागेत. बोधचिन्हाभोवती किती जागा कोरी ठेवायची हे मिलिमीटरमध्ये सांगता येत नाही, कारण ते पाकिटावर लहान आणि पाटीवर मोठं असतं. म्हणून माप चिन्हातलंच घ्यायचं. आम्ही घेतलं अक्षराच्या उंचीचं अर्ध, म्हणजे शिरोरेघेपासून दांड्याच्या टोकापर्यंतच्या उंचीचं अर्ध. पाऊचवर अक्षर १४ मिलिमीटर होतं, म्हणून चारही बाजूंना ७ मिलिमीटर. चित्रात मात्र ही जागा शिरोरेघेपासून मोजून दाखवली, कारण डिझाइनरने इंग्रजी नमुना पुढे ठेवला होता. त्या लिपीतलं मोठं अक्षर वरच्या रेषेत संपतं. आपलं तिथे संपत नाही. आमची मिरची शिरोरेघेच्या वर ८ मिलिमीटर जाते. छापखान्याने नियम अगदी काटेकोर पाळला, शिरोरेघ ते सील ७ मिलिमीटर ठेवलं, आणि मिरचीचं टोक सीलच्या पट्ट्यात गेलं. गरम पट्टीच्या रेघा मिरचीवर उमटल्या. पोराची काहीच चूक नव्हती. आता कागदावर चौकट काढली आहे ती मिरचीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत, आणि मोजणी त्या चौकटीबाहेरून सुरू होते.

या चौकटीचा फायदा फ्लेक्सला झाला. एका दुकानाची पाटी १० फूट रुंद, ३ फूट उंच. आमचं चिन्ह उंचीच्या दुप्पट रुंद. छापणाऱ्याने ते दोन्ही टोकांना धरून ओढलं आणि मिरचीची काकडी झाली. "भाऊ, जागा रिकामी दिसत होती, मंग ताणलं थोडंसं," तो म्हणाला. त्याला 'ताणू नका' एवढं सांगून भागत नाही, उरलेल्या जागेचं काय करायचं तेही सांगावं लागतं. म्हणून कागदावर हीच पाटी काढून दिली: वर-खाली कोरी जागा सोडली की ३ फुटांत चिन्ह सुमारे २ फूट उंच बसतं, म्हणजे ४ फूट रुंद. ते डावीकडे. उरलेल्या जागेत दुकानदाराचं नाव. दुकानदारही खूश, कारण आधीच्या पाटीवर त्याचं नाव कोपऱ्यात चिरडलेलं होतं.

शाकाहारी खूण हा वेगळाच पेच होता. अन्न लेबलच्या नियमांप्रमाणे हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका पाकिटाच्या दर्शनी बाजूला, उत्पादनाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळच हवा. आम्ही म्हणतो जवळ काही नको, कायदा म्हणतो जवळ हवा. छापणारे तो उकाराच्या बगलेत खुपसायचे. आता त्याची जागा ठरवली आहे: कोऱ्या जागेच्या सीमेला लागून, बाहेर, उजवीकडे खाली, पांढऱ्यावर.

पार्श्वभूमीचे रंग आम्ही तीनच ठेवले: पांढरा, साय रंग आणि गडद हिरवा. हिरव्यावर अक्षरं पांढरी होतात, आणि तिथे लाल मिरची उठत नाही, म्हणून तीही पांढरी. मुलीने विरोध केला, मिरची लालच हवी म्हणाली. मग तिच्याच मोबाइलवर दोन्ही नमुन्यांचे फोटो काढून काळेपांढरे केले. लाल मिरची हिरव्यात पार बुडाली होती, दोन्ही सारखेच राखाडी. हीच परीक्षा कागदावर लिहिली आहे, कारण ती कोणालाही करता येते. मिरच्यांच्या ढिगाच्या फोटोवर आमचं चिन्ह ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. तोही याच परीक्षेत नापास होतो.

तपकिरी खोक्यांबाबत मी हट्ट सोडला. त्या कागदावर आमचा लाल कधीच पांढऱ्यावरच्यासारखा येणार नाही, पुठ्ठा त्याला विटकरी करतो. तिथे एकरंगी काळं चिन्हच जातं.

कागदाच्या मागच्या बाजूला चुकांचे फोटो आहेत, सगळे आमच्याच मालाचे: ओढलेली पाटी, सीलमधली मिरची, चमकणारं पाऊच. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून कोणीतरी तयार फॉन्टात पुन्हा टाइप केलेलं नावही आहे, त्यात साधी वेलांटी आली आणि मिरची गायबच. खाली लिहिलंय, 'टाइप करू नका, फाइल मागा', आणि फोन नंबर. फाइल कर्व्ह करूनच देतो, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलत नाहीत. सोबत पांढऱ्या कागदावर छापलेली लाल-हिरव्याची पट्टी असते. फ्लेक्सच्या मशीनला आकडे दिले तर रंग भलताच येतो. पट्टी शेजारी धरून जुळवलेला जवळ येतो.

भिंती रंगवणाऱ्या पेंटरला मात्र या कागदाचा उपयोग नाही. तो शिडीवरून वाचणार कसा? त्याच्यासाठी पत्र्यात चिन्ह कापून घेतलं. चारही बाजूंना कोऱ्या जागेएवढाच पत्रा जास्तीचा ठेवला आहे, म्हणजे त्याच्या कडेच्या आत दुसरं काही रंगवायचं नाही, एवढंच त्याला सांगितलं.