पांढऱ्या मातीचा उतार आणि ८६ ब्रासचा आकडा

सिंधुदुर्गातल्या एका साइटवरचा भरावाचा उतार अजून डोक्यातून जात नाही. मे महिन्याची अखेर होती. टेकडी कापून सपाट केलेल्या जागेच्या कडेला ८ मीटर उंच आणि ६० मीटर रुंद भराव उभा होता. त्याचा उतार एकास दोन, म्हणजे ८ मीटर उंचीला आडवं अंतर १६ मीटर. पायथ्याशी वहाळ आणि वहाळापलीकडे भाताचे कुणगे. नकाशावर पायथ्याला एक रेघ मारून ‘गाळ-कुंपण, उंची ६० सेंमी’ एवढंच लिहिलेलं, म्हणजे गाळ अडवायला खुंटांवर ताणलेलं कापड. ते पुरेल का, हे सांगायला मला बोलावलं होतं.

उतारावरून हेक्टरी किती टन माती धुपून जाईल, म्हणजे A, हे काढायचं समीकरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे:

```
A = R × K × LS × C × P
```

आर म्हणजे पावसाचा मारा, के म्हणजे मातीची धुपण्याची वृत्ती, एलएस म्हणजे उताराची लांबी आणि तीव्रता, सी म्हणजे आच्छादन आणि पी म्हणजे पृष्ठभागावर केलेलं काम. आरसाठी भारतीय केंद्रांच्या नोंदींवरून बसवलेलं सूत्र आहे: पावसाळ्याच्या चार महिन्यांतला पाऊस मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला ०.३८९ ने गुणायचं आणि ५० मिळवायचे. ३,००० मिमी धरले की १,२१७ येतात. के याच जुन्या मेट्रिक एककांतला लागतो. अमेरिकन तक्त्यातला आकडा तसाच उचलला तर उत्तर कमी येतं. तो आधी १.२९ ने गुणून घ्यावा लागतो.

खरी मेख के मध्येच होती. अहवालात मातीचा नमुना मूळ जमिनीचा होता: वरची तांबडी, खडेदार, जांभ्याची माती. ती सहजासहजी धुपत नाही. पण टेकडी कापताना वरचा तांबडा थर आधी निघतो आणि भरावात सगळ्यात खाली जातो. जांभ्याखालची पांढरट-गुलाबी मऊ माती शेवटी निघते आणि ती बाहेरच्या अंगावर पसरते. भरावात डोंगर उलटा होतो. उतारावरून मूठभर माती उचलून बोटांत चोळली तर मैद्यासारखी लागली. खडा नाही, चिकटपणाही नाही. बाटलीत पाण्यात हलवून ठेवली, तर अर्ध्या तासाने पाणी दुधासारखंच होतं. अहवाल लिहिणाऱ्याने उतारावर जाऊन हे केलं असतं तर त्याचा के निम्म्यावर राहिला नसता. मी ०.४ धरला.

एलएस ५.५९ आला. आच्छादन नाही म्हणून सी १. रोलरने दाबून गुळगुळीत केलेल्या उताराला पी १.३ धरतात, कारण दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही आणि गुळगुळीत अंगावरून ते अडथळ्याविना पळतं. घोटून गुळगुळीत केलेला उतार सुबक दिसतो आणि आपल्या साइटांवर त्याचंच कौतुक होतं. पाण्याच्या दृष्टीने तो सगळ्यात वाईट.

गुणाकार केला तर हेक्टरी सुमारे ३,५०० टन आले. आपला उतार ०.०९६ हेक्टरचा, म्हणजे ३४० टन. घनमीटरला १.४ टन धरून हिशेब केला तर साधारण ८६ ब्रास. इतक्या तीव्र उतारावर हे समीकरण ताणलेलं असतं, त्यामुळे आकडा नेमका म्हणून घ्यायचा नाही, उपायांची तुलना करायला घ्यायचा. पण टनांत सांगितलं तेव्हा कंत्राटदार नुसते ऐकत होते. ब्रासमध्ये सांगितल्यावर हातातला फोन त्यांनी खिशात ठेवला.

आता कुंपण. ३० मीटर कुंपणामागे ०.१ हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्र नको, हा रूढ नियम इथे पाळला जात होता. म्हणूनच नकाशा पास झाला असणार. पण नियम क्षेत्राचा आहे, गाळाचा नाही. कुंपणामागे गाळ निम्म्या उंचीपर्यंतच साठू द्यायचा, नाहीतर कापड आणि खुंट दोन्ही झुकतात. पायथ्याशी २ मीटर सपाट पट्टी सोडली तरी ६० मीटरमध्ये ३६ घनमीटर, म्हणजे जेमतेम १३ ब्रास मावतात. मावणार १३, येणार ८६. पावसात चिखल तुडवत ते सहा-सात वेळा कोण उपसणार?

गाळाच्या टाकीचाही विचार केला. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर ०.०२ मिमीचा कण बसायला जवळपास एक गुंठा पृष्ठभाग लागत होता, आणि वहाळाआधी तेवढी जागाच नव्हती. शिवाय चिकणमातीचा २ मायक्रॉनचा कण शांत पाण्यात एक मीटर खाली बसायला तीनेक दिवस घेतो. तो ना टाकीत थांबतो, ना कापडात. तो उतारावरच धरून ठेवायला हवा. कुणग्याचे मालक काका बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, “ह्यां पांढरां पाणी कुणग्यात इलां तर तरवो जातलो.” तरवो म्हणजे भाताची रोपं.

म्हणून उताराच्या मध्यावर २ मीटर रुंद पायरी, म्हणजे बेंच, घेतली. तिला ढाळ आतल्या अंगाला, आणि लांबीत एक टक्का उतार देऊन पाणी दगडी पिचिंगच्या पन्हळीत सोडलं. लांबी निम्मी झाल्याने एलएस ३.४४ वर आला. पोकलेन उतारावर आडवं न फिरवता खालीवर चालवलं, म्हणजे चेनच्या पट्ट्यांचे ठसे उताराला आडवे उमटतात आणि प्रत्येक ठसा छोटा बांध होतो. पी १.३ वरून ०.९ झाला. मग चौरस मीटरला अर्धा किलो भाताचा पेंढा आणि त्यावर काथ्याची जाळी. एवढ्या उतारावर पेंढ्याचा सी ०.२ धरतात, पण तो दहा-अकरा मीटर लांबीपर्यंतच. त्यापुढे पाणी पेंढा उचलून नेतं. बेंचमुळे प्रत्येक टप्पा ९ मीटरचा झाला होता, म्हणून पेंढा चालला. नवा हिशेब ७ ते ८ ब्रासचा. आता तेच कुंपण पुरत होतं.

जाळीचं काम मात्र हाताने तपासावं लागतं. वरचं टोक ३० सेंमी खोल चरात गाडायचं, पट्टे वरून खाली सोडायचे, १५ सेंमी एकावर एक घ्यायचे आणि जाळी मातीला चिकटून बसेल इतक्या जवळजवळ खुंट्या ठोकायच्या. जिथे जाळी तंबूसारखी उचललेली राहते तिथे पाणी खालून वाहतं आणि वरून सगळं ठीक दिसत राहतं. मी पायाने दाबत चालत जातो. पोकळ लागलं की खुंटी.

पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी गेलो तर पाच मीटरचा एक पट्टा सोडून सगळं जागेवर होतं. त्या पट्ट्यात जाळीखाली अर्धा मीटर रुंद आणि ४० सेंमी खोल घळ पडली होती. बेंच तिथे चिखलाने भरून पाणी खालच्या टप्प्यावर उतरलं होतं. वर जाऊन पाहिलं, तर माथ्यावरचा मातीचा बांध डंपरला वाट करून द्यायला कापलेला. सपाटीवरचं सगळं पाणी त्या फटीतून उतारावर आलं होतं. सुपरवायझर म्हणाला, “साहेब, एका दिवसापुरताच कापला होता.” एका रात्रीत अर्ध्या ब्रासहून जास्त माती गेली.

समीकरणात हे पाणी कुठेच नसतं. ते उतारावर पडलेल्या पावसाचं आणि बारीक ओघळींचं गणित आहे. वरून लोटलेल्या पाण्याचं आणि घळीचं नाही. मला हे पाठ होतं, बांध नकाशातही होता, पण डंपरची वाट कुठून जाणार हे मी विचारलं नाही. घळीत मुरूम थराथराने ठोकून भरला, जाळी चर खणून पुन्हा बसवली आणि डंपरसाठी बांधावरूनच मुरमाचा चढ-उतार करून दिला.

कुंपणामागचा गाळ त्या पाच मीटरमध्ये निम्म्या उंचीला पोचला होता, बाकी ठिकाणी वीतभरही नव्हता. वहाळाचं पाणी तरीही दोन दिवस पांढुरकं राहिलं. त्यानंतर कटाईच्या कामाला गेलो की पहिली मागणी एकच करतो: वरची तांबडी माती वेगळा ढीग करून ठेवा आणि शेवटचा ३० सेंमीचा थर तिचाच द्या.